मॉर्फिन सुरू केल्यावर येणारी झोप: पहिला आठवडा कसा पाहावा आणि डॉक्टरांना केव्हा कळवावे

कर्करोगाच्या वेदनेसाठी घरातल्या रुग्णाला मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या जातात, पहिल्याच दिवशी तो दिवसभर झोपून राहतो आणि दुसऱ्या दिवशी घरातले कोणीतरी म्हणते, ‘गुंगीचे औषध दिले आहे, आता हे उठत नाहीत.’ तिसऱ्या दिवशी गोळी बंद होते आणि चौथ्या दिवशी वेदना पुन्हा पूर्वीइतकीच होते. घरोघरी जाऊन अशा रुग्णांची शुश्रूषा करताना हा क्रम मी इतक्या वेळा पाहिला आहे, की पहिली गोळी देण्याच्या आधीच घरच्यांशी झोपेविषयी बोलायचे, असा माझा नेमच झाला आहे. तेच बोलणे येथे सविस्तर लिहीत आहे. ते दर चार तासांनी घ्यायच्या, लवकर विरघळणाऱ्या मॉर्फिनच्या गोळीपुरते आहे. बारा तास पुरणाऱ्या गोळ्यांचे आणि त्वचेवर लावायच्या फेंटानिलच्या पट्टीचे वेळापत्रक वेगळे असते.

गोळी देण्याच्या आधी

मॉर्फिन सुरू होण्याच्या आदल्या दिवशी एका वहीत रुग्णाची सध्याची स्थिती लिहून ठेवावी. तो दिवसरात्र मिळून किती तास झोपतो, हाक मारल्यावर कसा उत्तर देतो, किती वेळा लघवी होते, चालताना तोल जातो का आणि शांत झोपेत मिनिटाला किती श्वास घेतो, एवढे पुरे. श्वास मोजताना रुग्णाला सांगू नये, कारण सांगितले की श्वासाची चाल बदलते. पोटाची किंवा छातीची हालचाल घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पाहावी. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणण्याचा शॉर्टकट घेऊ नये, कारण झोपेतला श्वास अनियमित असतो आणि त्या गुणाकारात मोठी चूक होऊ शकते. प्रौढ माणसाचा श्वास साधारणपणे मिनिटाला 12 ते 20 असतो. आपल्या रुग्णाचा नेहमीचा आकडा माहीत असला, तर पुढे शंका आल्यावर तुलना करता येते.

दुसरे काम म्हणजे घरात असलेली सर्व औषधे एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवावीत. यात इतरांनी लिहून दिलेल्या झोपेच्या गोळ्या, चिंतेसाठीच्या अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामसारख्या गोळ्या, मज्जातंतूंच्या वेदनेसाठीचे प्रेगाबालिन किंवा गॅबापेंटिन, सर्दीच्या गोळ्या आणि खोकल्याची सिरपे, सगळेच आले. मॉर्फिनबरोबर यांपैकी बरीच औषधे गुंगी वाढवतात आणि दारूही तेच करते. सर्वांत जास्त आढळणारी चूक मात्र वेगळीच असते. मॉर्फिनच्या आधी ट्रॅमाडॉल चालू असते, त्याच्या उरलेल्या पट्ट्या कपाटात असतात, ते बंद करायचे आहे हे डॉक्टरांनी सांगितलेले गडबडीत ऐकलेच जात नाही आणि दोन्ही औषधे एकत्र चालू राहतात. म्हणून ‘आधीच्या वेदनाशामकांपैकी कोणते चालू ठेवायचे आणि कोणते बंद करायचे’ हा प्रश्न विचारून त्याचे उत्तर वहीत लिहून घ्यावे. जी झोपेची गोळी अनेक महिने रोज घेतली जात आहे, ती आपल्या मनाने एकदम बंद करू नये, तेही विचारूनच ठरवावे.

तिसरे, मूत्रपिंडाचा काही त्रास पूर्वीपासून असेल तर तो डॉक्टरांना आवर्जून सांगावा. याचे कारण पुढे उदाहरणात येईल. रात्री शंका आली तर फोन कोणाला करायचा, तो क्रमांकही त्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहावा.

झोप का येते

पहिल्या दोन दिवसांतल्या झोपेत दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे थकलेली झोप. तीव्र वेदना असलेला माणूस कित्येक आठवडे सलग दोन तासही झोपलेला नसतो, वेदना त्याला सतत जागे ठेवत असते, आणि ती एकदा उतरली की साठलेली सगळी झोप एकदम अंगावर येते. ही झोप औषधाचा दुष्परिणाम नाही, ती वेदना कमी झाल्याची खूण आहे.

दुसरी गोष्ट औषधाची आहे. मॉर्फिन मेंदूतील पेशींवरच्या ज्या जागांना जाऊन चिकटते, त्या वेदनेच्या मार्गावर असतात, तसेच माणसाला जागे ठेवणाऱ्या केंद्रांमध्येही असतात. म्हणून वेदनेबरोबर जागेपणही मंदावते. साधी गोळी घेतल्यावर सुमारे एका तासाने हा परिणाम सर्वाधिक असतो, त्यामुळे रुग्णाची तपासणी करायची योग्य वेळ गोळी दिल्यानंतर साधारण तासाभराची. पुढची गोळी देण्याच्या अगदी आधी तो टवटवीत दिसला, तर तेवढ्यावरून अंदाज बांधू नये.

ती कमी का होते

येथे एक मुद्दा समजून घेण्यासारखा आहे. ठरल्या वेळी गोळ्या दिल्या, तर रक्तातील मॉर्फिनची पातळी साधारण एका दिवसात स्थिर होते, आणि त्यानंतर मात्रा तीच असेल तर पातळीही जवळपास तीच राहते. तरीही बहुतेक रुग्णांची गुंगी तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान उतरते. म्हणजे बदल औषधात झालेला नसतो, तो मेंदूत झालेला असतो. सतत मॉर्फिनच्या संपर्कात राहिल्यावर तिथल्या पेशी त्याला पूर्वीइतका प्रतिसाद देत नाहीत, औषध तेवढेच असूनही गुंगी येईनाशी होते. यालाच औषध अंगवळणी पडणे म्हणता येईल.

सुदैवाने सगळे परिणाम एकाच वेगाने अंगवळणी पडत नाहीत. गुंगी आणि मळमळ काही दिवसांत ओसरते, वेदनेवरचा उतार मात्र टिकून राहतो, आणि म्हणूनच हे औषध महिनोन् महिने चालू ठेवता येते. आतडी मात्र जवळजवळ सवय करून घेत नाहीत, त्यामुळे बद्धकोष्ठतेचे औषध मॉर्फिन असेपर्यंत चालूच ठेवावे लागते. मात्रा वाढवल्यावर तीच गुंगी पुन्हा काही दिवस येऊ शकते आणि पुन्हा उतरते, हेही लक्षात ठेवावे.

यावरून पाहायचे काय, ते आपोआप ठरते. एका दिवशी रुग्ण किती झोपला, यापेक्षा झोप कालच्यापेक्षा कमी होत आहे की वाढत आहे, हे महत्त्वाचे. पहिल्या आठवड्यातली साधी गुंगी उतरणीला लागलेली असते. जी गुंगी वाढत जाते, जी आठवडा उलटूनही हलत नाही किंवा जी एकदा पूर्ण उतरून नंतर परत येते, तिच्यामागे दुसरे काहीतरी कारण शोधावे लागते.

पहिले चार दिवस

गोळीची वेळ झाली आणि रुग्ण झोपलेला असला, तर नुसता हात हलवून त्याला गोळी देऊ नये. त्याला नावाने किंवा नेहमीच्या नात्याने हाक मारावी, डोळे उघडले की साधा प्रश्न विचारावा, ‘आज वार कोणता?’ किंवा ‘पाणी हवे का?’, आणि तो नीट उत्तर देतो का, हे पाहावे. हाकेसरशी जागा होऊन, उत्तर देऊन, उठून बसून, पाणी गिळून तो पुन्हा झोपला, तर ती झोप काळजीची नाही आणि गोळी ठरल्याप्रमाणे द्यावी. बोलताना वाक्य अर्धवट सोडून त्याचे डोळे मिटत असतील, तर गोळी हातात तशीच ठेवून आधी फोन करावा. अर्धवट जाग्या माणसाच्या तोंडात गोळी आणि पाणी घातले, तर ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका वेगळाच.

हा फरक इतका बारकाईने पाहायचा, कारण मॉर्फिनचा जो परिणाम खरोखर धोकादायक आहे, म्हणजे श्वास मंदावणे, तो अचानक येत नाही. त्याच्या आधी गुंगी खोल होत जाते. रुग्णालयांतील परिचारिका मॉर्फिन घेणाऱ्या रुग्णाचा श्वास मोजतातच, पण तो किती सहज जागा होतो याची नोंदही त्याच कारणासाठी करतात. घरीही हेच करता येते आणि त्याला कोणतेही यंत्र लागत नाही. बोटाला लावायचे ऑक्सिजन मोजण्याचे यंत्र घरात असल्यास वापरायला हरकत नाही, पण त्यातला आकडा ठीक आहे म्हणून न उठणाऱ्या रुग्णाविषयी निर्धास्त राहू नये. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झालेल्या दिसल्या, तर केवळ तेवढ्याने घाबरू नये. मॉर्फिन योग्य मात्रेत घेणाऱ्यांच्या बाहुल्याही बारीक असतात.

या दिवसांत रुग्णाने एकट्याने न्हाणीघरात जाऊ नये, रात्री शौचाला उठताना कोणीतरी सोबत असावे आणि गाडी तर चालवूच नये. मात्रा स्थिर होऊन गुंगी पूर्ण उतरल्यावरच डॉक्टरांना विचारून गाडीचा विचार करावा, आणि मात्रा बदलली की पुन्हा थांबावे.

वेदना कमी झाली तर ‘गरज असेल तेव्हाच देऊ’ असे ठरवून मधल्या गोळ्या गाळणे, हा झोप टाळण्याचा उपाय वाटतो, पण त्याने उलटे होते. वेदना परत चढते, ती उतरवायला जादा गोळ्या लागतात, आणि औषधाची पातळी सतत वरखाली होत राहिल्याने शरीराला सवय होण्यास संधीच मिळत नाही. काही आठवडे नियमित घेतलेले मॉर्फिन एकदम बंद केल्यास वेदनेबरोबर घाम, जुलाब, अंगदुखी, अस्वस्थता असा त्रासही होतो.

एका रुग्णाची वही

कराडजवळच्या एका गावातील 68 वर्षांच्या आजोबांचे उदाहरण घेऊ. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. प्रोस्टेटचा कर्करोग कमरेच्या हाडांत पसरला होता, ट्रॅमाडॉल पुरेनासे झाले होते, वेदना विचारल्यावर ते दहापैकी आठ सांगत आणि तीन आठवडे त्यांची रात्र खुर्चीतच जात होती. ट्रॅमाडॉल थांबवून डॉक्टरांनी 5 मिलिग्रॅम मॉर्फिन, म्हणजे 10 मिलिग्रॅमची अर्धी गोळी, सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6 या वेळांना आणि रात्री 10 वाजता एक पूर्ण गोळी दिली, म्हणजे मध्यरात्री उठवावे लागत नाही. दिवसाची एकूण मात्रा 30 मिलिग्रॅम झाली. ही मात्रा त्यांची आहे. दुसऱ्या रुग्णाची मात्रा त्याचे वय, मूत्रपिंड आणि आधीची औषधे पाहून ठरते.

वही त्यांची सून ठेवत असे. पहिले दोन दिवस ‘सतरा तास झोप, हाकेला उठतात, चहा मागितला, वार बरोबर सांगितला, श्वास 14’ अशी नोंद आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन तास सलग जागे होते. चौथ्या दिवशी खुर्चीत बसून आंघोळ झाली. पाचव्या दिवशी बसून भाकरी खाल्ली, वर्तमानपत्र मागितले आणि फक्त दुपारच्या गोळीनंतर डुलकी लागली. सातव्या दिवशी झोप नऊ तासांवर आली आणि वेदना तीनवर. या आठवड्यात फोन करण्यासारखे काहीच नव्हते, आणि घरच्यांनी घाईने गोळी बंद केली असती तर पाचवा दिवस दिसलाच नसता.

खरी परीक्षा पुढे आली. एकोणिसाव्या दिवशी आजोबांना जुलाब सुरू झाले, उन्हाळा होता, पाणी पिणे कमी झाले. विसाव्या दिवशी लघवी दोनदाच झाली. एकविसाव्या दिवशी सकाळी जेवताना चमचा हातातून पडला, वाक्य अर्धवट राहून डोळे मिटू लागले, हात झोपेत अधूनमधून झटक्याने उडत होते आणि श्वास 11 भरला. गोळ्यांची मात्रा पहिल्या दिवसापासून तीच होती, कोणी एकही गोळी जास्त दिली नव्हती. ‘सुरुवातीलाही असेच झोपत होते, दोन दिवसांत जाईल’ असे घरातल्या एकाने म्हटले, पण सुनेने वही उघडून पाहिली. मधल्या चौदा दिवसांत अशी नोंद एकही नव्हती. तिने फोन केला.

झाले होते असे, की यकृत मॉर्फिनचे रूपांतर ज्या पदार्थांत करते, ते लघवीवाटे बाहेर जातात, आणि त्यांतला एक पदार्थ मॉर्फिनसारखाच, किंबहुना त्याहूनही प्रभावी असतो. जुलाबांनी शरीर कोरडे पडले, मूत्रपिंडांचे काम मंदावले आणि हे पदार्थ रक्तात साठू लागले. मूत्रपिंडांचे काम मंदावले की रक्तात वाढणारे क्रिएटिनिन सुरुवातीला 0.9 होते, ते 2.4 झाले होते. डॉक्टरांनी फोनवरच दुपारची गोळी न देण्यास सांगून त्यांना रुग्णालयात बोलावले, सलाईन दिले, गोळ्या तात्पुरत्या थांबवल्या आणि मग कमी मात्रेत, जास्त अंतराने पुन्हा सुरू केल्या. दोन दिवसांत ते पूर्ववत बोलू लागले. हातांचे ते झटके मात्र लक्षात ठेवावेत. मॉर्फिन शरीरात साठत असल्याची ती बोलकी खूण आहे, आणि घरचे बहुधा तिला अशक्तपणा समजून सोडून देतात.

केव्हा कळवावे

पुढच्या भेटीपर्यंत न थांबता, पण रात्री उठवूनही नव्हे, अशा फोनची वेळ तेव्हा येते, जेव्हा सात दिवस होऊनही झोप कमी होत नाही किंवा वेदना आटोक्यात असूनही रुग्ण दिवसभर पेंगत राहतो. अशा वेळी डॉक्टर मात्रा थोडी कमी करून पाहतात, गुंगी आणणारे दुसरे औषध काढतात किंवा मॉर्फिनऐवजी त्याच वर्गातले दुसरे औषध देतात. सोबत रक्तातील कॅल्शियम वाढणे, सोडियम कमी होणे, जंतुसंसर्ग, यकृत थकणे किंवा आजार मेंदूपर्यंत पोहोचणे, अशी कारणेही तपासावी लागतात. हाडांच्या वेदनेसाठी रेडिएशन दिल्यावर काही आठवड्यांत वेदना बहुधा उतरते, आणि तेव्हा जुनी मात्रा जास्त होऊन गुंगी येते. हे कारण गोड आहे, तरी कळवायचेच.

त्याच दिवशी फोन करावा तो गुंगी उतरून परत आली तर, लघवी फारच कमी झाली तर, हातपाय झटक्याने उडू लागले तर, रुग्ण भलतेच बोलू लागला किंवा नसलेली माणसे पाहू लागला तर, उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर. फोनवर सांगताना ‘खूप झोपतात’ एवढेच न सांगता औषधाची मात्रा, शेवटची गोळी कधी दिली, आज जादा गोळ्या किती घेतल्या, हाकेला उठतात का, श्वास किती आणि लघवी किती वेळा, हे वहीतून वाचून दाखवावे. डॉक्टरांना निर्णय घ्यायला याच गोष्टी लागतात.

आणि एक मिनिटही थांबायचे नाही ते रुग्ण मोठ्याने हाक मारून व खांदा हलवूनही जागा होत नसेल, श्वास मिनिटाला 8 किंवा त्याहून कमी असेल, श्वासात लांब खंड पडत असतील, कधी नव्हे असा घरघरीचा आवाज येत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तेव्हा. महाराष्ट्रात 108 ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णाला कुशीवर वळवावे, मोठ्याने बोलत, हलवत राहून श्वास घ्यायला सांगत राहावे, तोंडात पाणी, कॉफी, औषध काहीही घालू नये, पुढची गोळी देऊ नये. अंगावर फेंटानिलची पट्टी असेल तर ती काढावी आणि तसे सांगावे, कारण पट्टी काढल्यानंतरही औषध त्वचेतून कित्येक तास रक्तात उतरत राहते. रुग्णालयात नालोक्झोन हे उतारा औषध थोडे थोडे करून देतात, एकदम दिले तर श्वासाबरोबर सगळी वेदनाही परत येते. श्वास 9 किंवा 10 असेल आणि रुग्ण हाकेला उठत असेल, तर पुढची गोळी थांबवून लगेच फोन करावा, मग रात्रीचे दोन का वाजले असेनात.

आजार अगदी शेवटच्या दिवसांत पोहोचला असेल, तर वरचे सगळे तसेच्या तसे लागू पडत नाही. तेव्हा झोप वाढणे, श्वासाची लय बदलणे हे शरीर थकल्यामुळे होते, मॉर्फिन त्याचे कारण असतेच असे नाही, आणि अशा वेळी धावपळ करून रुग्णालयात न्यायचे की घरीच वेदनारहित ठेवायचे, हे डॉक्टरांशी आधी बोलून ठेवावे लागते. कराडच्या आजोबांची वेळ अजून ती नव्हती. क्रिएटिनिन खाली आल्यावर त्यांच्या सुनेने नवे वेळापत्रक भिंतीवर लावले आणि वहीच्या नव्या पानावर पुन्हा पहिल्या दिवसापासून श्वास मोजायला सुरुवात केली.